सहा की सात

आमच्या खात्यात मला "घाईची बाई" म्हणतात. मी चालताना घाई करते म्हणून नाही. चालते तर मी गोगलगायीसारखी. पण दुसऱ्याला दोन दिवस लागतात ते काम मी सकाळचा चहा निवेपर्यंत उरकते, आणि वर बढाईही मारते, म्हणून. काम एकच: जुन्या मशीनमधल्या नोंदी काढायच्या आणि नव्या डेटाबेसमध्ये भरायच्या. नद्यांच्या पाण्याच्या पातळ्या, दर तासाच्या, शंभराहून जास्त पुलांवरच्या, चाळीस-बेचाळीस वर्षांच्या. एकूण चार कोटी वीस लाख ओळी.

त्या रविवारी सर्व्हर आम्हाला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळासाठी मोकळा मिळाला होता. सोमवारपासून पुराचा अंदाज सांगणारा नवा प्रोग्राम त्याच नोंदींवर शिकायला बसणार होता. कुठल्या पुलावर पाणी किती वेगाने चढतं, आणि त्यावरून खालच्या वस्तीला किती तास आधी उठवायचं, हे तो या आकड्यांवरून ठरवणार होता.

साहेब नऊच्या ठोक्याला हजर. त्यांनी आदल्या आठवड्यात एका कंपनीच्या माणसाकडून हेच काम करून पाहिलं होतं. त्याने एकेक ओळ घालायची, प्रत्येक ओळीनंतर पक्की करायची, असा प्रकार केला. सेकंदाला तीनशे ओळी. मी पाटीवरच हिशेब मांडून दाखवला: एकोणचाळीस तास. साहेबांचा चेहरा पडला.

"आणि तुम्ही किती तासांत करता?"

"भरायला पंधरा मिनिटं. बाकीचं नंतर सांगते."

"मॅडम, थापा नकोत."

थाप नव्हती. यात जादू काही नाही, फक्त आळशी माणसाची अक्कल आहे. शंभर मुलांच्या उत्तरपत्रिका आल्या आणि प्रत्येक पेपर हातात आला की कपाट उघडून नंबराप्रमाणे त्याच्या जागी सरकवत बसलात, तर दिवस तिथेच जातो. त्यापेक्षा सगळे आधी टेबलावर टाका, मग एकदाच लावा. डेटाबेसमध्ये ते कपाट म्हणजे इंडेक्स. म्हणून मी रिकामं टेबल, म्हणजे कोरा तक्ता, बनवलं, त्यावर एकही इंडेक्स ठेवला नाही, आणि एकेक ओळ घालण्याऐवजी कॉपीची आज्ञा दिली. ती अख्खी फाइल घोटाघोटाने नाही, घटाघटा पिते. फाइलचे मी पाच-पाच लाख ओळींचे चौऱ्याऐंशी गठ्ठे केले होते. कॉपीला एक ओळ खटकली तरी ती सगळंच परत टाकते. चार कोटी ओळी एकदम दिल्या आणि शेवटच्या ओळीत घाण निघाली, तर पहिल्यापासून रडायचं. गठ्ठे असले की रडणं पाच लाखांपुरतं.

एकच गठ्ठा अडला, एकतिसावा. कोणीतरी आकड्याच्या जागी "पट्टी वाहून गेली" असं लिहून ठेवलं होतं. ती ओळ बाजूला काढली, गठ्ठा पुन्हा दिला. सव्वानऊला सुरू केलं होतं, साडेनऊच्या आधी चार कोटी वीस लाख ओळी आत होत्या. साहेब म्हणाले, "मग आता सहा वाजेपर्यंत काय करायचं?" मी म्हटलं, इंडेक्स. एका पुलाची एका तासाला एकच नोंद असली पाहिजे, असा नियम लावणारा इंडेक्स.

तो उभारायला घेतला आणि तीन मिनिटांनी मशीनने नकार दिला. अमुक पूल, अमुक तास, ही जोडी दोनदा आहे, एवढं एक उदाहरण देऊन गप्प. मला नवल वाटलं नाही. इंडेक्स आधी ठेवून भरलं की दुप्पट ओळ दारातच अडते. आपण दार काढून ठेवलं होतं, सगळे आत आले होते. आता कोण जास्तीचा आहे ते शोधायचं. शिवाय या वेळी मी जुन्या मशीनचा मुख्य तक्ता घेतलाच नव्हता, त्याची एक डिस्क मेली होती. मी ऑपरेटरांच्या पडद्यावर त्या त्या वेळी जे जे टाइप झालं ते सगळं टिपून ठेवणारी कच्ची नोंदवही घेतली होती. जुनं मशीन त्यातली पहिली नोंद मुख्य तक्त्यात घ्यायचं आणि नंतर आलेली चुपचाप टाकून द्यायचं. इतक्या वर्षांत त्या टाकलेल्या ओळी कोणी पाहिल्या नव्हत्या.

सहाशे पन्नास जोड्या निघाल्या. सहाशे एकतीस जोड्यांत आकडा तोच. बटण दोनदा दाबलं गेलेलं. त्यातली एकेक काढून टाकली. उरल्या एकोणीस. सतरांत सरळ दुरुस्ती होती: आधी एकसष्ट मीटर, दोन मिनिटांनी सहा पूर्णांक एक. अशा ठिकाणी शेवटची नोंद ठेवायची, हा नियम कुठलाही शहाणा माणूस लावेल. मी आज्ञा टाइपही केली: पूल आणि तास सारखे असतील तर सर्वांत उशिरा आलेली ठेव, बाकी काढ. मग सवयीने, काढण्याआधी उरलेल्या दोन पाहिल्या.

पूल सेहेचाळीस. सोळा वाजता, पातळी सहा-दहा, म्हणजे सहा मीटर दहा सेंटिमीटर. नोंद केली सोळा-तीनला. सोळा वाजता, पातळी सात-दहा. नोंद केली अठरा-बावन्नला. सतरा वाजता सहा-पंचवीस; तीच सतरा वाजताची पुन्हा सात-पंचवीस, अठरा-त्रेपन्नला. चारही ओळींत ऑपरेटर चौदा.

तारीख मला वाचायची गरज नव्हती. पूल सेहेचाळीसवरची पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी माझे बाबा वाचायचे.

मी नऊ वर्षांची होते. त्या दिवशी संध्याकाळी खालच्या वस्तीत पाणी शिरलं आणि नऊ माणसं गेली. धोक्याची पातळी सात. चार वाजता फोनवर बाबांनी कळवलेला आकडा सहा-दहा लिहिला गेला, पाचला सहा-पंचवीस, आणि सहाला एकदम आठ-नव्वद. चौकशीत बाबा म्हणाले, मी सात म्हणालो होतो, फोनवाल्याने सहा ऐकलं. फोनवाला, म्हणजे हाच ऑपरेटर चौदा, म्हणाला, मी सहाच ऐकलं, सहाच लिहिलं. सहा की सात, एवढ्यावर सगळं अडलं. कागदावर सहा होते. बाबांची नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि सहा वर्षांनी बाबाही गेले. आमच्या घरात फोनवाल्याचं नाव कधी घेतलं गेलं नाही. आई "तो मेला" म्हणायची आणि तो मेला आजही जिवंत होता.

मी याच खात्यात आले ती त्या एका आकड्यासाठी, हे साहेबांना माहीत नव्हतं. मला वाटायचं, कुठेतरी, कुठल्यातरी टेपवर बाबांचा सात सापडेल. आणि तो सापडला होता. पडद्यावर लखलखीत, आणि त्यासाठी माझ्या आज्ञेतला एक शब्दही बदलायला नको होता. एंटर दाबलं असतं तर सात राहिले असते, सहा गेले असते. कोणी विचारलंच तर नियम दाखवायला होता, सतरा जोड्यांना लागलेला तोच.

पण अठरा-बावन्न. मला ती वेळ गिळता येईना. ज्याने सहा ऐकलं तोच माणूस, पाणी शिरून गेल्यावर, सात का लिहितो?

साहेबांना म्हटलं, "दोन जोड्यांची चौकशी करून येते."

"सहाशे पन्नासांपैकी दोन? उडवा ना."

"येते."

फोनवाल्याचं घर मला माहीत होतं. शत्रूचं घर माणसाला नेहमी माहीत असतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, सुनेने दार उघडलं. खुर्चीत एक सुकलेला म्हातारा, कानात मशीन. मी बाबांचं नाव सांगितलं तेव्हा त्याने ते मशीन काढून पुसलं आणि पुन्हा घातलं.

"बैस, पोरी."

मी बसले नाही. कागदावर उतरवून आणलेल्या चार ओळी पुढे धरल्या. त्याने बोटाने एकेक वाचली. अठरा-बावन्नवर बोट थांबलं.

"हे राहिलंय?"

"मशीनने टाकून दिलं होतं. कच्च्या नोंदीत राहिलं."

"मला वाटलं, घेतलं असेल." त्याने कागद उलटा करून पाहिला. "तपासणीच्या दिवशी छापील कागद काढला तर सहाच. मी म्हटलं, दुसऱ्या कोणी पुसलं असेल."

"काका, बाबा काय म्हणाले होते? सहा की सात?"

"सहा." त्याने सांगून टाकलं. "चारलाही सहा, पाचलाही सहा. पण बाळ, पुलावरनं फोन आला ना, की मागे पाणी ऐकू येतं. घोंघावतं. आकडा ओरडून सांगावा लागतो. त्या दिवशी तुझा बाप हळू बोलत होता. आणि मागे शिवणयंत्र चालू होतं."

मी बसले.

"घरात पण खात्याचा फोन होता तुमच्या," तो म्हणाला. "मला कळलं तो घरनं बोलतोय. सगळेच कधीतरी करायचे. दुपारी तीनला सहा होतं, तासाभरात किती चढणार, असा हिशेब. मी ऐकलं, कळलं, आणि लिहिलं. मी म्हणायला हवं होतं, बाबा रे, पुलावर जा आणि मग सांग. नाही म्हणालो."

"मग सात कुणाचं?"

"माझं. वस्तीची बातमी आली तेव्हा मीच त्याला फोन लावला. म्हटलं, तू सात म्हणालास असं सांग, मी सहा ऐकलं असं सांगतो. चूक ऐकण्याची, कोणी फासावर देत नाही. मशीनमध्ये सात टाकून दिले. मग तपासणीला साहेब लोकांनी विचारलं, नऊ माणसं गेली आहेत, नीट आठवून सांगा, तो काय म्हणाला? माझी दोन पोरं लहान होती." त्याने कागद परत दिला. "मी खरं बोललो. घाबरून खरं बोललो. तुझा बाप मात्र मी शिकवलेलं खोटं शेवटपर्यंत बोलत राहिला."

सुनेने चहा आणला. मी प्यायले. अठ्ठावीस वर्षं ज्याला मेला म्हटलं त्याच्या घरचा चहा, आणि साखर बरोबर पडली होती. मला बाबांचा इतका राग आला, आणि त्या रागात ते इतके आठवले, की कपाची कड दातात धरून मी तशीच बसून राहिले.

घरी आले तेव्हा अडीच वाजले होते. आई माझ्याकडेच असते. ती पलंगावर बसून चष्म्यातून सुईत दोरा ओवत होती. शिवणयंत्र क्वार्टर सोडताना तिने विकून टाकलं होतं. आम्हाला वाटायचं पैशासाठी.

मी तिला सगळं सांगितलं. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि माझी आई मध्ये तोंड घातल्याशिवाय बातम्यासुद्धा ऐकत नाही.

"म्हणजे सात आहेत," ती शेवटी म्हणाली.

"आहेत. खोटे आहेत."

"मशीनमध्ये आहेत ना? मग ठेव तेच. तुझ्या हातात आहे म्हणतेस. एवढं एक बापासाठी कर."

"आई, उद्यापासून या आकड्यांवरून ठरणार आहे, लोकांना कधी उठवायचं ते. चारला सात ठेवले तर मशीन शिकणार, इथे पाणी निवांत चढतं, दोन तास असतात हातात. सहा ठेवले तर शिकणार, एका तासात अडीच मीटर उडी मारतं. दोन्ही खोटं. चार वाजता पाणी किती होतं, कोणालाच माहीत नाही. बघायला कोणी नव्हतंच."

आईने सुई उशीला टोचून ठेवली.

"तुला आठवतं का, तुझा बाप दोन रात्री पुलावरच होता. बदली माणूस आलाच नाही. पाय इतके भिजले होते की बूट काढताना कातडी आली. दुपारी जेवायला आला. मी म्हटलं, चारचा आकडा इथूनच सांगा, तासभर टेका. नाही नाही म्हणत होता. मी दार लावून घेतलं." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "चारला उठवला, फोन करवला, परत झोपवला. पाचला पण. सहाला तो पुलावर पळाला, तोवर मी शिवत बसले होते. मला वाटलं, मशीनच्या आवाजाने त्याला झोप लागते."

मी उशीला टोचलेली सुई काढून डबीत ठेवली.

"त्या माणसाला शिव्या घातल्या नसत्या तर मी कोणाला घातल्या असत्या?"

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला तर बोटं थंडगार होती. आम्ही दोघी रडलो, तीही सरळ, आवाज करून. शेजारचे काय म्हणतील हे तिने त्या दिवशी विचारलं नाही. नंतर तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "तू काय लिहिणार?"

"काही नाही. दोन्ही काढते. ते दोन तास रिकामे ठेवायचे."

"नुसते रिकामे? कोणी विचारलं तर?"

"काढलेल्या ओळींचं वेगळं टेबल असतं. का काढली, ते तिथे लिहावं लागतं."

"मग लिही. जे झालं ते लिही. माझंही लिही."

साडेचारला ऑफिसात पोचले. साहेब येरझाऱ्या घालत होते. आधी सतरा जोड्यांना नियम लावला, शेवटची नोंद ठेवली. मग पूल सेहेचाळीसच्या चारही ओळी काढलेल्यांच्या टेबलात हलवल्या आणि मूळ टेबलातून पुसल्या. साहेब मागे उभे राहून वाचत होते.

"दोन्ही का काढता? एक तर खरी असेल."

"एकही खरी नाही, सर. वाचक पुलावर नव्हता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझे वडील होते ते."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, असा विचार करून तो शेवटी खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "मग पूर्ण अहवाल लागेल," ते अगदी हळू म्हणाले. "तुमच्याच सहीने."

"देते."

पुन्हा इंडेक्सची आज्ञा दिली. या वेळी मशीनने कुठे हरकत घेतली नाही. सगळ्या ओळी एकदा क्रमाने लावल्या, सहा मिनिटांत कपाट तयार. प्रश्नांना चटकन उत्तर द्यायला मशीनला नव्या टेबलाचा अंदाज यावा म्हणून आकडेवारी गोळा करायला सांगितलं. मग पूल सेहेचाळीसचा तो दिवस विचारला. निमिषात आला. तीन वाजता सहा, आणि त्यानंतर सरळ सहा वाजता आठ-नव्वद. मध्ये काही नाही. बाबा क्वार्टरच्या खोलीत भिजल्या पायांनी झोपलेले मला त्या फटीत दिसले, आणि त्यांना कोणी उठवू नये असंच मला वाटलं.

आईचा फोन आला.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय लिहिलंस, वाचून दाखव."

"वाचक जागेवर नव्हता. आकडा घरून अंदाजाने कळवला. दोन रात्रींची सलग पाळी, बदली माणूस आला नाही."

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही.

"आणि मी?"

"वाचकाचा रकाना आहे, ऑपरेटरचा आहे," मी म्हटलं. "तुझ्यासाठी रकाना नाही, आई."